इंटर्नला ‘त्यु’ म्हणजे ‘तू’, की ‘वू’ म्हणजे ‘आपण’?

‘गुरुवारपूर्वी अहवाल पाठवा, हा फ्रेंच निरोप संचालक, सहकारी आणि इंटर्न यांना कसा लिहावा?’

संचालकांना आडनाव न जोडता ‘मस्य ल दिरेक्तर’ असे संबोधून ‘झ वू सरे रकनेसाँ द ब्याँ वुल्वार म त्राँस्मेत्र ल रापोर अवाँ झदी’, म्हणजे ‘अहवाल गुरुवारपूर्वी पाठवल्यास आभारी राहीन’, असे लिहावे. लिहिणारी स्त्री असल्यास ‘रकनेसाँत’. सहकाऱ्याला ‘त्यु प माँव्वाये ल रापोर अवाँ झदी?’, म्हणजे ‘अहवाल गुरुवारपूर्वी पाठवू शकतोस का?’, एवढे पुरते. खरी अडचण इंटर्नची आहे, कारण ‘आँव्वा म्वा’, म्हणजे ‘मला पाठव’, हा थेट आज्ञार्थ वरिष्ठाकडून आल्यास हुकूम वाटतो. म्हणून कार्यालयात अरेतुरे रुळलेले असले, तरी ‘एस्क त्यु पुरे माँव्वाये ल रापोर अवाँ झदी, सिल त प्ले?’ असा संकेतार्थ मी पसंत करतो. तेथे ‘कृपया’साठी सवयीने ‘सिल वू प्ले’ लिहिले, तर एकाच वाक्यात ‘तू’ आणि ‘आपण’ एकत्र येतात, आणि (मराठीप्रमाणेच) ते लगेच खटकते.