ऑफर आली की डोळे झाकून होकार द्यावा का?

पाचोरेकर: भाच्याला पुण्याच्या कंपनीची ऑफर मेलवर आली, वर्षाला 4 लाख 80 हजार. म्हणजे महिन्याला 40 हजार. पोरगं म्हणतं, मेलमधलं नीट विचारून घेतो. मी म्हटलं, आपल्याकडे नोकऱ्या कुठे पडल्यात? शंका काढत बसलास तर ऑफर जाईल. आजकालच्या पोरांना किंमतच नाही.

भुसावळची ताई: दादा, वाचून राग आला म्हणून सविस्तर लिहिते. दहा वर्षं पगारपत्रकं बनवतेय. 40 हजार त्याच्या हातात येणारच नाहीत. मेलमध्ये "व्हेरिएबल 15 टक्क्यांपर्यंत" असं असेल, म्हणजे कामगिरी बघून मिळणारा, हमी नसलेला भाग, तर 72 हजार आधीच बाजूला काढा. उरले महिन्याला 34 हजार. बेसिक 17 हजार धरलं, तर त्या 34 मधूनच कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटीचे 818 वजा होतात. ग्रॅच्युइटी तर कायम नोकरीत 5 वर्षं काढल्यावरच मिळते. मग त्याच्या वाट्याचा पीएफ 1,800, व्यवसाय कर 200. हातात साधारण 29,400. यावर खोलीभाडं ठरवायचं, 40 वर नाही.

आणि "पर्यंत" या शब्दात शून्यही बसतो. व्हेरिएबल कोण ठरवतं, कधी देतात, आणि त्या तारखेला राजीनामा दिलेला असला तर मिळतं का, हे मेलवरच विचारायचं. फोनवर एचआरने "मिळतंच" म्हटलं, त्याला पुरावा काय?

धुळेकर: ते सोडा, बॉन्ड बघा, मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार! माझ्या पोराच्या मेलमध्ये फक्त "कंपनीच्या धोरणानुसार" एवढंच होतं. रुजू व्हायच्या दिवशी दोन वर्षांचा कागद पुढे केला, डिग्रीचं मूळ प्रमाणपत्र ठेवून घेतलं. ते सोडवायला जळगाव-पुणे चार चकरा झाल्या.

चाळीसगावकर: बॉन्ड कोर्टात टिकतच नाही. बिनधास्त सही करायची.

भुसावळची ताई: कोणी सांगितलं? 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी बँकेचा 2 लाखांचा बॉन्ड ग्राह्य धरला. तुमच्या भरवशावर एखादं पोरगं फसेल.

चाळीसगावकर: ती सरकारी बँक होती, खाजगीचं वेगळं. कंपनीला खर्च दाखवावा लागतो.

भुसावळची ताई: रक्कम वाजवी आहे का हे कोर्ट बघतं, हे खरं. पण तोवर वकिलाची फी तुम्ही भरणार का?

धुळेकर: आणि मूळ कागद? त्याचं कुणी बोलेना!

भुसावळची ताई: दाखवायचे, झेरॉक्स द्यायची, मूळ घेऊन यायचे. बॉन्ड आहे का, नोटीस किती, मूळ कागद ठेवता का, हे रुजू होण्याआधीच लेखी मागा.

पाचोरेकर: बरं, 29 हजाराचा हिशोब मी केला नव्हता, मान्य. पण विचारलं म्हणून ऑफर गेलेला पोरगा मी पाहिलाय.

भुसावळची ताई: गेली असेल. माझ्यासमोर दोघांची गेली नाही, म्हणून सगळ्यांची जाणार नाही असं मी म्हणत नाही. भाच्याला सांगा, आज संध्याकाळी मेल टाक.

पाचोरेकर: टाकायच्या आधी तुम्हाला दाखवतो.