मदत हवी आहे: रात्री बोलणं थांबवताना शेवटचा मेसेज काय पाठवावा?

दूधवाला_करवीर: पहाटे पाचला मला दूध संकलन केंद्र उघडायला लागतं. मावसबहीण यंदा पुण्याला हॉस्टेलवर गेलीय. रोज अकराला मेसेज सुरू होतात. आधी मेसचं जेवण, मग रूममेट, मग "दादा, मला इथं जमंल का?" काल साडेबाराला लिहिलं, "चल झोपतो. काळजी करू नको, सगळं नीट होईल. गुड नाईट." तिचं नुसतं "हं." दोनला परत "झोपलास?" ते मी पहाटे बघितलं. काय लिहायला पाहिजे होतं?

रंकाळा_किंग: गर्लफ्रेंड असंल तर सरळ सांग की भावा 😄

दूधवाला_करवीर: मावसबहीण लिहिलंय वर.

राजारामपुरीची_काकू: माझा मुलगा बाहेर होता तेव्हा मी "कधीपण उठव, मी जागीच आहे" असं लिहायचे. त्यालाच धीर येतो.

जुनी_रेक्टर: काकू, फोन खरंच वाजणार असेल तरच ते लिहावं. याचा रात्री सायलेंटवर असणार. 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये तिचा नंबर अपवाद म्हणून ठेवता येतो, तो आधी ठेव.

मी मुलींच्या वसतिगृहात बरीच वर्षं रेक्टर होते. "सगळं नीट होईल" वाचलं की पोरीला वाटतं, आपलं ऐकलंच नाही, विषय मिटवला. त्यापेक्षा तिच्याच बोलण्यातली एक गोष्ट परत सांग. आणि शेवटी प्रश्न नको. "झोपशील ना?" विचारलंस की ती उत्तर देणार आणि गप्पा परत चालू. दहा मिनिटं आधी "साडेबाराला मी झोपणार हं" एवढं सांगून ठेव. काल काय बोलली होती?

दूधवाला_करवीर: लॅबमध्ये एका मुलीनं शेजारी जागा धरून ठेवली म्हणाली.

जुनी_रेक्टर: मग हे बघ:

"त्या मुलीनं तुझ्यासाठी जागा धरली, ऐकून लई बरं वाटलं. जमंल का ते उद्या निवांत बोलू, विसरणार नाही. साडेआठला फोन करतो. आता उत्तर देऊ नको, मोबाईल ठेव आणि झोप. शुभ रात्री."

पाठवल्यावर तूही ऑफलाइन हो. गुड नाईट म्हणून अर्धा तास ऑनलाइन दिसलास तर तिला ते लागतं.

मात्र "जगावंसं वाटत नाही" अशा अर्थाचं काही लिहिलं, तर गुड नाईट नाही. लगेच फोन लाव, तिच्या रेक्टरना उठव. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रीही चालू असतो.

रंकाळा_किंग: एवढं लांब कोण वाचतंय? फुलांचं शुभ रात्रीचं चित्र टाक, विषय संपला.

राजारामपुरीची_काकू: ते चित्र सगळ्यांनाच जातं रे. तिच्या एकटीचं काय त्यात?

दूधवाला_करवीर (दोन दिवसांनी): पाठवला. उत्तर देऊ नको म्हटलं तरी "बरं दादा 🙂" आलंच, पण दोनचा मेसेज नाही आला. घोळ सकाळी झाला. केंद्रावर लाईट गेली, फॅट काढायचं मशीन बंद, रांग लागली. फोन करीपर्यंत सव्वानऊ. तोवर तिचा मेसेज: "विसरलास ना?"

जुनी_रेक्टर: वेळ दहाची सांग. आणि परत लाईट गेली तर दहाच्या आधीच एक ओळ टाक, रांगेतूनसुद्धा.