प्रतिसाद: सहकार्यवृत्तीची नोंद कशी करावी

> "सहकार्यवृत्तीच्या रकान्यात सगळ्यांपुढे 'चांगली' लिहून मोकळं होतो. खरं मूल्यमापन कसं करायचं?"

आधी दिसणारी कृती ठरवा. 'सहकार्य करतो' हे मोघम आहे. 'गटात मागे पडलेल्याला स्वतःहून समजावतो' हे डोळ्यांना दिसतं. 'स्वतःहून' हा शब्द गाळू नका. शिक्षणतज्ज्ञ क्रॅथवोल यांनी भावनिक उद्दिष्टांच्या पायऱ्या मांडल्या, त्या 1964 च्या वर्गीकरणात सांगितल्यावर मदत करणं हा नुसता प्रतिसाद ठरतो, मूल्य रुजणं ही त्यापुढची पायरी.

श्रेणी साधी ठेवा: कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी. एका तासाला चार-पाच मुलंच पाहा आणि घडलेलं तिथेच टिपा. 'स्वतःचा प्रयोग थांबवून शेजारच्या गटाला तराजू शून्यावर आणून दिला,' एवढंच. त्यात 'मनमिळाऊ' वगैरे मत घालायचं नाही. वेगवेगळ्या दिवसांच्या तीन-चार नोंदी हाती आल्या की मगच खूण करा.

सत्राअखेर आठवून श्रेणी भरली की अभ्यासात हुशार मुलाला आपसूक 'नेहमी' मिळतं. म्हणून सहकार्याच्या खुणा गणिताच्या गुणांशेजारी ठेवून बघा. दोन्ही रांगा जवळपास सारख्या निघाल्या, तर बहुधा हुशारीच मोजली गेली आहे.

मुलांनी स्वतः भरायची प्रश्नावली मात्र निनावी ठेवा आणि तिला गुण लावू नका. गुण लागले की मुलं शिक्षकांना आवडेल तेच उत्तर देतात. त्यातून वर्गाचा कल कळेल, एकेका मुलाचा निकाल नाही.