दुसरा पंप जोडला तर पाणी दुप्पट येईल का?

> «फोंड्याजवळच्या कुळागरात व्हाळावरून वर पाणी चढवतो. सेकंदाला 2 लिटर येतं. तसाच दुसरा पंप समांतर जोडला तर 4 येईल का?»

नाही, जेमतेम 2.3 येईल. तुमची निव्वळ चढण 18 मीटर धरतो. दीड इंची लांब पाइपात 2 लिटरला घर्षण साधारण 12 मीटर, म्हणजे एकूण हेड, पाणी जितक्या मीटर उंच ढकलण्याइतका जोर पंपाला लावावा लागतो तो, 30 मीटर. घर्षण प्रवाहाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे 3 लिटरला तेच 27 होतं आणि एकूण 45 लागतं. तुमच्यासारखा पंप प्रवाह शून्य असताना 36 मीटर देतो, 2 लिटरला 30 आणि 3 लिटरला 22.5. आडवा प्रवाह आणि उभं हेड धरून पाइपाची आणि पंपाची अशा दोन्ही रेषा एकाच कागदावर काढा, त्या 2 लिटरवरच छेदतात.

दोन पंप समांतर लावले की त्याच हेडला प्रवाह दुप्पट धरून पंपाची रेषा नव्याने काढायची. पण पाइपाची रेषा तीच राहते आणि ती इथे भलतीच उभी आहे. नवा छेद 2.3 लिटर, 34 मीटरवर. म्हणजे प्रेशर गेजचा काटा 0.4 किलोने वर जाईल, हौदात मात्र फरक फारसा दिसणार नाही. शिवाय प्रत्येक पंप 1.15 लिटरवर रखडत चालेल. विजेचं बिल बघून डोकं धराल.

त्यापेक्षा पाइप दोन इंची करा. घर्षण जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतं आणि तोच एक पंप 2.7 लिटर देतो. फक्त प्रवाह वाढल्यावर मोटर जास्त अँपिअर ओढते, तेव्हा नेमप्लेटवरच्या आकड्याशी ताडून बघा.