अनुभव धागा: रोजच्या अपडाउनसाठी सॅक घेताना काय बघितलं, काय फसलं?

पासवाला_भुसावळ: मीच सुरू करतो. भुसावळ-जळगाव रोज अपडाउन, स्टेशनपासून पुढे एमआयडीसीपर्यंत बाईकवर. मागच्या जुलैत "वॉटरप्रूफ" म्हणून घेतलेली सॅक, वरून रेन कव्हर चढवलेलं, तरी लॅपटॉपचा खालचा कोपरा ओला! आणि पुढच्या कप्प्यातला डबा, वही सगळं कोरडं. दुकानदार म्हणे कव्हर नीट लावलं नसेल. आता नवीन घ्यायचीय, बजेट दोन हजार. तुमचे अनुभव टाका भो.

तापीकाठ: ९०० डेनियरचं कापड घे, विषय संपला. पाणी आत येतच नाही.

रनर_धुळे: डेनियर म्हणजे धागा किती जाड ते, भाऊ. फाटणार नाही एवढं खरं, पण पाणी अडवतो तो आतून लावलेला थर. सॅक उलटी करून बघा, आत चकचकीत किंवा रबरासारखं लागतं तेच. आमच्या वडिलांचं बॅग दुरुस्तीचं दुकान आहे, उन्हात राहून राहून हा थर पापुद्र्यासारखा निघालेल्या कितीतरी सॅका आमच्याकडे येतात. आणि थर चांगला असला तरी पाणी शिवणीच्या भोकांतून आणि चेनमधून येतंच.

पण पासवाला, तुझं दुखणं वेगळं वाटतंय. कव्हर पुढून, वरून, बाजूने झाकतं, पाठीकडची बाजू उघडीच राहते. बाईकवर हेल्मेटवरून, मानेवरून ओघळ पाठीवर येतो, पाठीचा फोम ते पाणी पितो, आणि लॅपटॉपचा कप्पा नेमका त्याच फोमला चिकटून. म्हणून डबा कोरडा, लॅपटॉप ओला. खात्री करायची तर सॅकेत सगळीकडे पेपर भर, कव्हर चढव, बाथरूममध्ये टांग आणि खांद्याच्या पट्ट्यांच्या मधून हळूहळू दोन मग पाणी सोड. पंधरा मिनिटांनी उघड. पेपर कुठे ओला ते दिसेल.

शेतकरी_पोरगा: खताच्या गोणीत आतून प्लॅस्टिकची पिशवी असते ना, मी लॅपटॉप तिच्यात घालतो. फुकट शे भो!

रनर_धुळे: आयडिया बरोबर, पिशवी चुकीची. खताचे कण ओल धरतात. नवी जाड पिशवी आण आणि तोंड वर दुमडून ठेव.

अमळनेरची_मास्तरीण: माझा पावसाशी फार संबंध नाही, खांद्यांचं सांगते. लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली, वह्यांचा गठ्ठा, आणि एसटीत उभं. पहिल्या सॅकच्या पट्ट्या दुकानात गादीसारख्या मऊ लागल्या म्हणून भुलले, चार महिन्यांत फोम पापड झाला आणि पट्टीची कड मानेत रुतायला लागली. दुसरी घेताना पट्टी चिमटीत दाबून पाहिली. बोटं एकमेकांना टेकतात असं वाटलं की ठेवून द्यायची. आताची हाताला कडक लागते, दिसायला पण बारीक, तरी दोन वर्षं झाली, आहे तशीच आहे. आणि पट्टी खाली जिथे सॅकला जोडलेली असते तिथे तिरप्या कापडाच्या तुकड्यात आडव्या-उभ्या टाक्यांनी पक्की केलीय का बघा, माझी आधीची तिथूनच उसवली होती, ती पण भर स्टँडवर.

पाचोरा_एक्स: मुलगा पाचवीत आहे, त्याला कोणती घेऊ? चाकांची बरी का?

अमळनेरची_मास्तरीण: दादा, इथे ऑफिसच्या सॅकचं चाललंय 😄 आणि शाळेच्या पायऱ्यांवर चाकं काय कामाची!

एरंडोल_हायवे: चेनचं कोणीतरी सांगा यार. हायवेची धूळ बसून बसून माझी चेन लागते पण मागून आपोआप उघडत जाते. दोनदा पूर्ण नवी टाकली.

रनर_धुळे: दात शाबूत असतील तर पूर्ण चेन बदलायची गरजच नव्हती. रनर आतून झिजून सैल झाला की दात नीट जुळत नाहीत. पकडीने रनरच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबून बघा, काही दिवस निघतात. जास्त दाबला तर अडकेल नाहीतर तुटेल. नाहीच जमलं तर रनर बदला, त्याच्या मागे ५, ८ असा नंबर असतो, तोच आणायचा. धूळ मात्र जुन्या ब्रशने काढत जा आणि मग मेणबत्ती घासा. तेल नको, धूळ अजून धरतं.

तापीकाठ: मग रबरासारखी पट्टी असलेली पाण्याची चेन घ्यावी ना सरळ?

रनर_धुळे: पाऊस थोपवते, पण ओढायला जड. आमच्या दुकानात घाईघाईत ओढून रनर तुटलेल्याच जास्त येतात. त्यापेक्षा साध्या चेनवर कापडाची झडप असलेली मला बरी वाटते. वडिलांचं मत उलटं आहे, म्हणून वाद नको.

पासवाला_भुसावळ: पेपरचा प्रयोग केला. मधला कप्पा ठणठणीत, पाठीकडचा पेपर खालून चिंब! आणखी एक कळलं. माझ्या सॅकेत लॅपटॉपचा कप्पा थेट तळापर्यंत जातो, म्हणजे साचलेलं पाणी तिथेच, आणि गाडीत सॅक खाली टेकवली की दणका पण त्याच कोपऱ्याला. मागे कोपऱ्याला चीर पडली ती अशीच पडली असेल.

रनर_धुळे: हां, म्हणून कप्पा तळापासून दोन बोटं वर लटकलेला हवा. दुकानात लॅपटॉप घेऊनच जा. आत ठेव, सॅक खाली टेकव आणि बाहेरून तळाला हात लावून बघ. कडा हाताला लागली तर नको. नुसतं "१५.६ मध्ये बसतो" ऐकू नको, चार्जर आणि डबा टाकून चेन लावून बघ.

पासवाला_भुसावळ: रविवारी फुले मार्केटला जातो लॅपटॉप घेऊन. पण पाठीकडून पाणी येणारच नाही अशी सॅक दोन हजारांत मिळते का, की रेनकोटच सॅकच्या वरून घालायचा?

एरंडोल_हायवे: मी वरूनच घालतो. लोक हसतात, कुबड आल्यासारखं दिसतं.