मदत हवी आहे: होस्टेलच्या वायफायवर सगळ्यांचं पान एकदमच 403

उशिराजागा: मिनी प्रोजेक्ट रिअ‍ॅक्टमध्ये आहे. गिटहबचं यूजरनेम टाकलं की त्याची माहिती आणि रेपो दिसतात. दुपारी व्यवस्थित चालतं. रात्री मेसवरून आलो की पहिल्याच सर्चला हे येतं:

```
API rate limit exceeded for 203.0.x.x
```

शेजारच्या खोल्यांतही तेच. हा आयपी माझ्या लॅपटॉपचा नाही, माझा 192.168 ने सुरू होतो. परवा सबमिशन आहे. माझा कोड चुकतोय का?

बॅकबेंचर: इनकॉग्निटोत उघड, नाहीतर मॅक अ‍ॅड्रेस बदल. आमच्याकडे चालतं.

जुनासिनियर: ते तुमच्या होस्टेलचा रोजचा डेटा संपला तर चालतं. इथे मोजणी गिटहब करतंय, आणि त्याला तुमचा मॅक दिसतच नाही. त्याला दिसतो तो बाहेरचा एकच आयपी, सगळ्या होस्टेलचा मिळून. टोकन नसेल तर एका आयपीला तासाला 60 रिक्वेस्ट मिळतात.

उशिराजागा, सर्च बटणावर होतो की प्रत्येक अक्षराला?

उशिराजागा: प्रत्येक अक्षराला. छान दिसतं म्हणून :(

जुनासिनियर: मग हिशोब कर. माहिती एक, रेपो एक, म्हणजे दोन रिक्वेस्ट. torvalds मध्ये आठ अक्षरं, झाल्या सोळा. दोन पोरांनी दोन-दोनदा टाइप केलं की 64. वर्गात सगळ्यांना हेच प्रोजेक्ट असेल तर बघायलाच नको.

आधी हे चालवून बघ, याची मोजणी होत नाही:

```
curl https://api.github.com/rate_limit
```

तू काही न करता `remaining` खाली जात असेल, तर खाणारे दुसरे आहेत. `reset` मधली वेळ होईपर्यंत रिफ्रेश मारत बसू नकोस.

सर्च बटणावर आण. स्वतःचं टोकन काढ, मग तासाला 5000 मिळतात आणि मोजणी तुझ्या खात्यावर होते. सार्वजनिक माहितीला कुठलीही परवानगी टिक करावी लागत नाही. फक्त ते रिअ‍ॅक्टच्या कोडमध्ये टाकू नकोस. `.env` मध्ये ठेवलंस तरी बिल्डमध्ये उघडं पडतं. छोटा नोड सर्व्हर मध्ये घाल.

चहाबिस्किट: आमच्या होस्टेलला तर दुसऱ्या मजल्यावर रेंजच नाही. वॉर्डनला तीनदा अर्ज दिला.

बॅकबेंचर: ETag पाठवला तर? 304 आलं की मोजत नाहीत असं वाचलंय.

जुनासिनियर: बरोबर, पण टोकन असेल तरच.

उशिराजागा: `remaining` शून्य होतं, मी हातही लावला नव्हता! टोकन लावून `limit` 5000 दिसतंय. पण परीक्षेला लॅबच्या मशीनवर माझं टोकन ठेवायचं का?

जुनासिनियर: मी नसतं ठेवलं. दोन-तीन उत्तरं JSON फाइलमध्ये साठव, 403 आला की तीच दाखव.

बॅकबेंचर: एक्स्टर्नलने स्वतःचं यूजरनेम टाकायला सांगितलं तर?

जुनासिनियर: मग मोबाइलचा हॉटस्पॉट. तिथेही एका आयपीमागे बरेच ग्राहक असतात, त्यामुळे खात्री नाही.