फोटो टाकलाय, कॅप्शन सुचवा. पण फोटो कशाचा?

घाईगडबड: फोटो टाकलाय, मस्तपैकी कॅप्शन सुचवा, लवकर!

शेवंती: हिरवी साडी, मोगऱ्याचे दागिने, सजवलेल्या झोपाळ्यावर बसून लाजतीये. सगळं दिसतंय की, विचारायचं काय त्यात? घे, 'फुलांचा साज, नवरीचा तोरा'. हळदीचा फोटो आहे सरळसरळ.

पेठेतला: नवरी कुठून काढली? मागे टिपॉयवर बघा, दोन वाट्या झाकून ठेवल्यात. डोहाळजेवण आहे ते, एकीत पेढा एकीत बर्फी, पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी. फुलांचे दागिने काय, हल्ली हळदीलाही घालतात. मी तर 'दोनाचे तीन होताना' टाकलं असतं.

नणंदबाई: बाबांनो जपून. आमच्या वहिनीची चोरओटी होती, म्हणजे अजून कोणाला सांगायचंच नव्हतं, आणि मी शहाणीने स्टेटसला 'येतंय कोणीतरी' लिहून फोटो टाकला. वीस मिनिटांत तिच्या मावशीचा फोन, आम्हाला हे स्टेटसवरून कळावं का म्हणून! तेव्हापासून मी आधी विचारते.

कर्वेकाका: फोटो अंधारलाय, ब्राइटनेस वाढवा.

जुना डेस्कवाला: पेपरात वर्षानुवर्षं फोटोओळी लिहिल्यात म्हणून सांगतो. साडी हिरवी आहे हे वाचणाऱ्याला दिसतंच, फोटोओळीत यायला हवं ते न दिसणारं, कोण, कुठे, कशासाठी. आणि ते फक्त फोटो टाकणाऱ्यालाच माहीत असतं. म्हणून एकच प्रश्न विचारायचा, कसला कार्यक्रम आणि टाकणार कुठे? स्टेटसला फोटोवरच अक्षरं येतात तर चार शब्द पुरे, इन्स्टाला मोठं लिहिलं तरी आधी ओळ-दीड ओळच दिसते, बाकीचं दाबल्यावर, म्हणजे गंमत पहिल्याच ओळीत हवी. वाट्यांवरून बाळापर्यंत जाऊ नका, चुकलात तर त्या बाईला दिवसभर फोन घ्यावे लागतील.

शेवंती: काका, प्रश्न विचारला की माणूस पळतो हो, त्याने 'लवकर' लिहिलंय.

जुना डेस्कवाला: मग प्रश्नासोबत कुठेही खपेल असं एक द्या की, 'हिरवी साडी, मोगरा आणि हे लाजणं'.

पेठेतला: आत्ताच म्हणालात हिरवी साडी लिहायची नाही!

जुना डेस्कवाला: पेपरात नाही लिहायची. इथे उत्तर येईपर्यंत चालवून घ्यायचंय.

घाईगडबड: अहो बहिणीची पहिली मंगळागौर होती, झोपाळा हॉलवाल्यांचाच. वाट्यांत मटकीची उसळ होती, माश्या बसतात म्हणून झाकलेली. फॅमिली ग्रुपवर टाकायचाय.

शेवंती: बघा, माझं 'नवरीचा तोरा' चाललं असतं!

घाईगडबड: लग्नाला आठ महिने झाले ताई. आणि तोरा म्हटलं तर तिच्या सासूबाई पण आहेत त्या ग्रुपवर.